दोन रकाने हवेत, एकोणीस का वाचायचे?

तक्ता पडद्यावर आडवा-उभा दिसतो, पण डिस्कवर बाइट एकामागून एक, एकाच रांगेत बसतात. त्यामुळे प्रत्येक डेटाबेसला आधी ठरवावे लागते, की शेजारी कोणाला बसवायचे: एका ओळीतल्या सगळ्या नोंदींना, की एका रकान्यातल्या सगळ्या नोंदींना. पोस्टग्रेससारखे नेहमीचे डेटाबेस पहिला मार्ग घेतात. पार्के ही फाइल-पद्धत आणि क्लिकहाउस, डकडीबी, बिगक्वेरी या प्रणाली दुसरा.

न्यूयॉर्कचे टॅक्सी आयोग पिवळ्या टॅक्सींच्या फेऱ्यांची माहिती दर महिन्याला पार्के फाइलमध्ये खुली करते. जानेवारी 2024 च्या फाइलमध्ये सुमारे 30 लाख फेऱ्या आहेत आणि प्रत्येकीचे 19 रकाने: बसण्या-उतरण्याची वेळ, अंतर, भाडे, टिप, पैसे देण्याचा प्रकार वगैरे. समजा, पैसे देण्याच्या प्रकारानुसार सरासरी टिप हवी आहे:

```sql
SELECT payment_type, avg(tip_amount)
FROM 'yellow_tripdata_2024-01.parquet'
GROUP BY payment_type;
```

प्रत्येक रकान्याला सरासरी 8 बाइट धरले तर एक ओळ साधारण 150 बाइटची होते आणि पूर्ण तक्ता 45 कोटी बाइटचा, म्हणजे 450 मेगाबाइटचा. ओळीनुसार साठवलेला असेल तर तो सगळाच वाचावा लागतो. डिस्कवरून सुटे 8 बाइट उचलता येत नाहीत. पोस्टग्रेस एका वेळी 8 किलोबाइटचे पान आणते. एका पानात अशा पन्नासेक ओळी मावतात, आणि त्यांतली टिप हवी असली तरी भाडे, अंतर, वेळ सगळे बरोबर येते. टिपेवर इंडेक्स लावून नेमकी ओळ लवकर सापडेल. पण इथे एखादी ओळ शोधायची नाही, सगळ्याच मोजायच्या आहेत.

रकान्यानुसार साठवणीत टिपेचे सगळे आकडे सलग असतात. पार्के फाइलच्या शेवटी एक अनुक्रमणिका असते. कोणता रकाना कितव्या बाइटपासून सुरू होतो ते ती सांगते. वाचणारा प्रोग्राम आधी ती पाहतो आणि थेट दोन रकान्यांपाशी जातो. काम 48 मेगाबाइटवर आले.

खरी बचत मात्र यानंतर होते. एका रकान्यातल्या नोंदी एकाच जातीच्या असल्याने त्या फार घट्ट बसवता येतात. पैसे देण्याचे प्रकार मोजकेच आहेत. प्रकारांची छोटी यादी एकदा लिहून ठेवली, की प्रत्येक फेरीसाठी 3 बिटचा अनुक्रमांक पुरतो, कारण 3 बिटांत आठ प्रकार सांगता येतात. 24 मेगाबाइटचा रकाना असा जेमतेम 1.1 मेगाबाइटवर येतो. म्हणूनच सगळे 19 रकाने असूनही ही फाइल 50 मेगाबाइटच्या आसपास भरते. (उत्तर वाचताना एवढे लक्षात ठेवावे, की रोख दिलेली टिप या नोंदींत धरलेली नसते, रोखीने जाणारे कंजूष आहेत असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.)

तिसरी बचत ओळींची. पार्के फाइल ओळींचे मोठे गट पाडते आणि गटातल्या प्रत्येक रकान्याची किमान व कमाल किंमत सहसा अनुक्रमणिकेत नोंदवते. फक्त 10 जानेवारीच्या फेऱ्या हव्या असतील आणि एखाद्या गटातल्या तारखा 20 ते 25 अशा असतील, तर तो गट न उघडताच सोडता येतो. पण यासाठी ओळी तारखेच्या क्रमाने रचलेल्या हव्यात. त्या विस्कळीत असतील तर प्रत्येक गटात सगळ्या महिन्याच्या तारखा सापडतात आणि काहीच वगळता येत नाही. एक चुकीची नोंदसुद्धा पुरते: 20 ते 25 तारखांच्या गटात मीटरच्या बिघाडाने 2002 सालची एक फेरी शिरली, तर गटाची किमान तारीख 2002 होते आणि 10 जानेवारीसाठीही तो उघडावा लागतो. डकडीबीमध्ये `parquet_metadata` ने गटांच्या या किमती पाहता येतात. सगळ्या पट्टे एकमेकांवर चढलेले दिसले, की दोष रचनेत आहे हे कळते.

या साठवणीची किंमत लिहिताना मोजावी लागते. एक नवी फेरी नोंदवायची तर 19 वेगळ्या ठिकाणी हात घालावा लागतो, आणि आवळून बसवलेल्या रकान्यात मधला एक आकडा बदलणे आणखी जिकिरीचे. मायकेल स्टोनब्रेकर आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये मांडलेल्या सी-स्टोअरने यावर तोड काढली: नव्या नोंदी आधी लहानशा, लिहायला सोप्या भागात घ्यायच्या आणि मग घाऊक प्रमाणात मुख्य साठ्यात हलवायच्या. तरीही तिकीट-आरक्षण किंवा बँकेचे खाते, जिथे सतत एकेक पूर्ण ओळ वाचली-बदलली जाते, तिथे ओळींचीच साठवण योग्य.

आणि `SELECT *` लिहिले, की रकाने वगळण्याचा फायदा संपतो. बिगक्वेरीत वाचलेल्या बाइटप्रमाणे आकारणी करणारी योजना असेल, तर साध्या तक्त्यावर `SELECT *` पुढे `LIMIT 10` जोडूनही बिल पूर्ण तक्त्याचेच येते. हवे तेवढ्याच रकान्यांची नावे लिहिली तरच ते कमी होते.