पडदा जेव्हा चित्रासाठी थांबतो
लेखमाला : चित्र कसं उमटतं – भाग ६

गेममधला नायक झटकन मान वळवतो आणि समोरचा खांब मधूनच तुटल्यासारखा दिसतो. वरचा अर्धा भाग एका जागी, खालचा अर्धा दोन बोटं सरकलेला, मध्ये एक आडवी धारदार रेघ. पुढच्याच क्षणी खांब पुन्हा अखंड. या प्रकाराला गेम खेळणारे ‘स्क्रीन टेअरिंग’ म्हणतात. अनेक जण यासाठी मॉनिटरला किंवा ग्राफिक्स कार्डला दोष देतात. पण दोन्ही यंत्रं आपापलं काम चोख करत असतात. त्यांची वेळ एकमेकांशी जुळत नाही, एवढाच घोळ असतो.

पडदा सेकंदाला ठरावीक वेळा नव्याने रंगतो आणि त्या संख्येला रिफ्रेश रेट म्हणतात, हे मागच्या भागात पाहिलं. ६० हर्ट्‌झचा पडदा दर १६.६७ मिलिसेकंदांनी एक फेरी पूर्ण करतो. पण संपूर्ण चित्र एका क्षणात पडद्यावर येत नाही. सगळ्यात वरच्या ओळीपासून सुरुवात होते आणि एकेक ओळ करत रंगकाम खाली उतरतं. फुल एचडी चित्राच्या १०८० ओळी डोळ्यांना दिसतात, संकेतात मात्र एका फेरीत ११२५ ओळींचा वेळ धरलेला असतो. उरलेल्या ४५ ओळींच्या वेळात पडद्याकडे चित्राचं काहीच जात नाही. जुन्या काचेच्या टीव्हीतला इलेक्ट्रॉनांचा झोत तळाशी पोचला की त्याला पुन्हा वर यायला थोडा अवकाश लागायचा. ही रिकामी जागा तिथून आलेली आहे. काचेच्या नळ्या गेल्या, पण अवकाश राहिला. या लेखात पुढे सगळं काही या रिकाम्या जागेभोवतीच फिरणार आहे.

ग्राफिक्स कार्डाचं काम मात्र घड्याळाने बांधलेलं नाही. समोर भिंत असेल तर चित्र चटकन तयार होतं, समोर जंगल, धूर आणि वीसेक शत्रू असतील तर उशीर लागतो. समजा, एका प्रसंगात कार्ड सेकंदाला ५० चित्रं बनवत आहे, म्हणजे दर २० मिलिसेकंदांनी एक. पहिलं चित्र आणि पडद्याची फेरी एकदमच सुरू झाली. दुसरं चित्र विसाव्या मिलिसेकंदाला आलं, तेव्हा पडदा दुसऱ्या फेरीत एक पंचमांश खाली उतरलेला होता, साधारण २२५व्या ओळीवर. कार्डाने जुनं चित्र काढून नवं ठेवलं. परिणामी वरच्या २२५ ओळी जुन्या चित्राच्या आणि खालच्या सगळ्या नव्या. तिसरं चित्र आलं तेव्हा पडदा ४५०व्या ओळीवर होता, चौथ्याला ६७५व्या, पाचव्याला ९००व्या. सहाव्याला दोघांची वेळ योगायोगाने पुन्हा जुळली आणि त्या फेरीत चित्र अखंड दिसलं.

म्हणजे फाटलेली रेघ सेकंदाच्या दहाव्या भागात चार पायऱ्या खाली उतरली आणि नाहीशी झाली. प्रत्यक्ष खेळात चित्रांमधलं अंतर असं सारखं नसतं, त्यामुळे रेघ कुठेही उडी मारते. कॅमेरा आडवा फिरत असताना उभ्या वस्तूंकडे, म्हणजे खांब, दाराची चौकट, झाडाचं खोड यांच्याकडे पाहिलं की ती सर्वांत लवकर पकडता येते.

यावर जुना इलाज आहे व्ही-सिंक. त्यात कार्डाला एक नियम घातला जातो : पडद्याची फेरी संपून रिकामी जागा येईल तेव्हाच चित्र बदलायचं, मध्येच नाही. फाटणं पूर्ण थांबतं, पण त्याची किंमत मोजावी लागते. वरच्याच उदाहरणात २० मिलिसेकंदांनी तयार झालेलं चित्र १६.६७ची वेळ चुकवतं, त्यामुळे त्याला ३३.३३ची वाट पाहावी लागते. चित्र ठेवायला दोनच जागा असतील तर कार्डही तेवढा वेळ हात बांधून बसतं आणि सेकंदाला ५० चित्रांचा खेळ एकदम ३०वर येतो. तिसरी जागा दिली तर कार्ड थांबत नाही, पण मग सहा फेऱ्यांत पाच चित्रं बसवायची वेळ येते. त्यातलं एक चित्र दोनदा दाखवावं लागतं. चार चित्रं १६.६७ मिलिसेकंद टिकतात आणि पाचवं ३३.३३. सरळ चालणारा कॅमेरा त्यामुळे ठेचकाळल्यासारखा वाटतो. शिवाय तयार चित्र रांगेत थांबल्याने बटण दाबणं आणि पडद्यावर हालचाल दिसणं यांतलं अंतरही वाढतं.

व्हेरिएबल रिफ्रेश रेट, म्हणजेच व्हीआरआर, हा नियम उलटा फिरवतो. लोकल वेळापत्रकाने सुटते, प्रवासी चढो न चढो. वडाप मात्र माणसं बसली की निघतं. व्हीआरआरमध्ये पडदा वडापसारखा वागतो.

हे साधण्याची रीत अतिशय देखणी आहे. पडद्याचा रंगण्याचा वेग बदलतच नाही. १२० हर्ट्‌झचा पडदा एक फेरी ८.३३ मिलिसेकंदांत पूर्ण करतो आणि खेळ कितीही मंदावला तरी तो तेवढ्याच वेळात करतो. ताणली जाते ती फक्त फेरीअखेरची रिकामी जागा. आपल्या ५० चित्रांच्या प्रसंगात पडदा ८.३३ मिलिसेकंदांत चित्र रंगवतो आणि मग साधारण ११.६७ मिलिसेकंद स्तब्ध राहतो. पुढचं चित्र तयार झाल्याचा इशारा आला की लगेच पहिल्या ओळीपासून सुरुवात. पुढचं चित्र २३ मिलिसेकंदांनी आलं तर थोडा जास्त थांबतो, १७ मिलिसेकंदांनी आलं तर कमी. रंगकाम चालू असताना चित्र बदललं जात नाही, म्हणून फाटत नाही. तयार चित्र रांगेत खोळंबत नाही, म्हणून ठेचही लागत नाही.

एनव्हिडियाने ऑक्टोबर २०१३मध्ये जी-सिंक जाहीर केलं, तेव्हा त्यासाठी मॉनिटरच्या पोटात कंपनीची खास सर्किटची पाटी बसवावी लागत होती आणि मॉनिटर महाग पडत होता. जानेवारी २०१४मध्ये एएमडीने लॅपटॉपवर हाच परिणाम वेगळ्या पाटीशिवाय करून दाखवला आणि त्याला फ्रीसिंक म्हटलं. त्याच वर्षी मे महिन्यात डिस्प्लेपोर्ट १.२ए या मानकात अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक दाखल झालं. शेवटी २०१९च्या आरंभी एनव्हिडियानेही आपली कार्डं अशा साध्या मॉनिटरांना खुली केली. खुल्या मानकाचा हा विजय ग्राहकाच्या दृष्टीने फार मोलाचा ठरला. टीव्ही आणि कन्सोलसाठी ही सोय एचडीएमआय २.१मध्ये आली. एक्सबॉक्स सिरीज एक्स नोव्हेंबर २०२०मध्ये ती घेऊनच बाजारात उतरला. प्लेस्टेशन ५ही त्याच महिन्यात आला, पण त्याला व्हीआरआर मिळालं एप्रिल २०२२च्या अपडेटमध्ये.

आणि इथेच व्हीआरआरची खरी मर्यादा उघडी पडली. पडदा हवा तेवढा वेळ थांबू शकत नाही. एलसीडीच्या प्रत्येक ठिपक्यात विजेचा भार साठवलेला असतो आणि तो हळूहळू गळतो. वेळेत नव्याने भरला नाही तर छटा बदलते. म्हणून प्रत्येक पडद्याचा एक पट्टा ठरलेला असतो : कमीत कमी इतके हर्ट्‌झ, जास्तीत जास्त तितके. प्लेस्टेशन ५वर हा पट्टा ४८ ते १२० आहे. ४८ हर्ट्‌झ म्हणजे पडदा एका चित्रावर जास्तीत जास्त २०.८३ मिलिसेकंद काढू शकतो.

फेब्रुवारी २०२२मध्ये आलेला ‘एल्डन रिंग’ या कन्सोलवर वेगाला प्राधान्य देणाऱ्या मोडमध्येही सेकंदाला ६० चित्रं स्थिर ठेवू शकत नाही. मोकळ्या माळरानावर घोडा दौडवताना आकडा पन्नाशीत आणि कधी चाळिशीत घसरतो. तो ५२ असतो तोवर व्हीआरआर सगळं सांभाळून घेतं, खेळणाऱ्याला घसरण जाणवतही नाही. पण ४५ झाला की प्रत्येक चित्राला २२.२ मिलिसेकंद लागतात, पट्ट्याची खालची सीमा ओलांडली जाते आणि जुन्या व्ही-सिंकची ठेच परत येते. ४८च्या वर आणि खाली ये-जा चालू राहिली तर हा फरक जास्तच खुपतो, कारण खेळ मध्येच मऊ आणि मध्येच खडबडीत वाटतो.

यातून सुटायची युक्ती आहे. चित्र ४५च्या वेगाने येत असेल तर पडद्याने प्रत्येक चित्र दोनदा रंगवायचं. पडदा ९० हर्ट्‌झवर चालतो, पट्ट्याच्या आत राहतो, आणि दोन्ही वेळा अंतर सारखंच असल्याने डोळ्यांना काही कळत नाही. हिला लो फ्रेमरेट कॉम्पेन्सेशन, थोडक्यात एलएफसी म्हणतात. एक्सबॉक्समध्ये ती कन्सोलच्या पातळीवर आहे. प्लेस्टेशन ५मध्ये ती गेम बनवणाऱ्याने स्वतः घालावी लागते आणि इन्सोम्नियाकसारख्या मोजक्याच स्टुडिओंनी ती घातली. कॉम्प्युटरवर ती ड्रायव्हर सांभाळतो, पण पट्टा पुरेसा रुंद असला तरच. ४८ ते ७५ हर्ट्‌झच्या स्वस्त मॉनिटरवर ४५ची दुप्पट, म्हणजे ९०, बसतच नाही. ४८ ते १४४च्या मॉनिटरवर आरामात बसते.

वरच्या टोकालाही काळजी घ्यावी लागते. १४४ हर्ट्‌झच्या मॉनिटरवर खेळ १६० चित्रं देऊ लागला तर पडदा आधीच पूर्ण वेगात असतो आणि फाटणं परत येतं. गेमच्या किंवा ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये कमाल मर्यादा १४०च्या आसपास बांधली की हा प्रश्न मिटतो.

काही जणांना व्हीआरआर चालू केल्यावर अंधाऱ्या प्रसंगात, विशेषतः गेम लोड होत असताना, पडदा लुकलुकताना दिसतो. हा यंत्राचा बिघाड नसतो. गडद राखाडी छटा पडद्याच्या एका वेगासाठी जुळवलेल्या असतात आणि चित्रांमधलं अंतर झपाट्याने बदललं की त्यांची उजळी किंचित हलते. ओएलईडी आणि व्हीए जातीच्या पडद्यांवर हे जास्त जाणवतं. चित्रांचा वेग स्थिर ठेवणारी मर्यादा घातली की लुकलुक बरीच कमी होते. आणि एखादं चित्रच शंभर मिलिसेकंद अडकून पडलं तर व्हीआरआर काही करू शकत नाही. ते चित्रं लवकर बनवत नाही, आलेली चित्रं वेळेवर दाखवतं.

सोय चालू आहे की नाही हे ओळखणं सोपं आहे. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत रिफ्रेश रेट दाखवायची सोय असेल तर ती लावावी. खेळताना आकडा सतत हलत असेल तर व्हीआरआर काम करत आहे, १४४वर किंवा ६०वर खिळून राहिला असेल तर नाही. टीव्हीवर बहुतेकदा एचडीएमआयच्या एक-दोन खाचांनाच ही सोय असते, तेव्हा केबल योग्य खाचेत आहे ना, हे आधी तपासावं. प्लेस्टेशन ५च्या व्हिडिओ आउटपुट सेटिंगमध्ये VRR हा पर्याय आहे, आणि अपडेट न मिळालेल्या गेमवरही ते लागू करायचा पर्याय त्याखालीच आहे. त्याने चित्र बिघडलं तर तो बंद करता येतो.

मॉनिटर घेताना खोक्यावर १४४ किंवा १६५ हा मोठा आकडा ठळक छापलेला असतो. दुकानदाराला दुसरा आकडा विचारा : व्हीआरआर किती हर्ट्‌झपासून सुरू होतं? वरचा आकडा त्याच्या दुपटीहून चांगला मोठा नसेल, तर तो मॉनिटर घेऊ नका.