रेडिओवर इतिहास सांगतांना

पुस्तक वाचणाऱ्याला एक मोठी सोय असते. सनावळी विसरली तर तो पान उलटून मागें जातो. स्थळ लक्षांत आलें नाहीं तर नकाशा पाहतो. रेडिओ ऐकणाऱ्याला यांपैकीं कांहींच करतां येत नाहीं. एकदां निसटलेलें वाक्य त्याच्या दृष्टीनें कायमचें गेलें. म्हणून लिहिलेला इतिहास जसाच्या तसा वाचून दाखविल्यानें श्राव्य कथा होत नाहीं. तो कानासाठीं नव्यानें बांधावा लागतो. तो कसा बांधावा, हें आज एकाच घटनेच्या आधारें पाहूं. ती घटना म्हणजे १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत झालेला स्फोट.

पहिली गोष्ट स्थळाची. कांहींहि घडावयास लागण्यापूर्वीं श्रोता योग्य जागीं उभा असला पाहिजे. ‘फोर्ट स्टिकीन’ हें जहाज गोदींत लागलें होतें, एवढें सांगून चित्र उभें राहत नाहीं. जहाजाच्या पोटांत मालाचीं मोठमोठीं कोठारें असतात. त्यांपैकीं दुसऱ्या कोठारांत कापसाच्या गासड्या होत्या आणि त्याच कोठारांत स्फोटक द्रव्येंहि होतीं. सबंध जहाजावर मिळून सुमारें १४०० टन दारूगोळा होता. श्रोत्याला एवढेंच चित्र पुरे आहे: एकाच कोठारांत कापूस आणि दारू. जहाजाची लांबी, नळकांड्यांची संख्या, कप्तानाचें नांव हा तपशील खरा असला तरी या चित्राला त्याची गरज नाहीं. डोळा दहा वस्तू एका दृष्टिक्षेपांत टिपतो. कानाला त्या एकामागून एक घ्याव्या लागतात आणि चौथीपाशीं तो पहिली विसरतो.

दुसरी गोष्ट काळाची. या दिवसाच्या हकीकतींत वेळा पुष्कळ आहेत. त्या सर्व सांगितल्या तर श्रोत्याच्या हातीं एकहि राहणार नाहीं. मी चारच खुंट्या ठोकीन. दुपारचें जेवण आटोपून हमाल कामावर परतले आणि दोनच्या सुमारास धूर दिसला, ही पहिली. चार वाजावयास दहा मिनिटें असतांना जहाज सोडण्याचा हुकूम झाला, ही दुसरी. चार वाजून सहा मिनिटांनीं पहिला स्फोट झाला, ही तिसरी. आणि त्यानंतर अर्धा तास पुरा होण्याच्या आंत दुसरा स्फोट झाला, ही चौथी.

आतां यांतील दुसरी व तिसरी खुंटी पाहा. छापतांना आपण ३-५० आणि ४-०६ असे आंकडे लिहितों, व वाचक मनांतल्या मनांत वजाबाकी करतो. श्रोता वजाबाकी करीत बसला तर पुढचें वाक्य त्याच्या कानावरून जातें. म्हणून ती वजाबाकी निवेदकानेंच करावी. तें निवेदन साधारण असें होईल:

“चार वाजावयास दहा मिनिटें आहेत. जवळजवळ दोन तास पाण्याचा मारा चालू आहे. पण धुरामुळें आग नेमकी कोठें आहे हें कोणालाच दिसत नाहीं. आतां हुकूम सुटतो: जहाज सोडा. खलाशी धक्क्यावर उतरूं लागतात. या क्षणापासून सोळा मिनिटें उरलीं आहेत. हें आपणांस ठाऊक आहे. धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसांना तें ठाऊक नाहीं.”

‘सोळा मिनिटें’ हे शब्द उच्चारतांच श्रोत्याच्या मनांत घड्याळ चालू होतें. पुढें कांहीं वाक्यांनंतर ‘आतां सहा मिनिटें राहिलीं’ एवढें म्हटलें कीं पुरतें. शेवट आधींच कळल्यामुळें उत्कंठा कमी होईल, अशी पुष्कळांना भीति वाटते. वस्तुतः स्फोट झाला हें श्रोत्याला शीर्षकावरूनच कळलेलें असतें. त्याचें लक्ष जडतें तें त्या धक्क्यावरच्या माणसांवर.

तिसरी अडचण मागच्या हकीकतीची. हें जहाज फेब्रुवारींत इंग्लंडांतून निघालें, कराचीस त्यांत कापूस भरला आणि १२ एप्रिल रोजीं तें मुंबईस आलें. दारूगोळा वाहणाऱ्या जहाजानें लाल निशाण लावावयाचें असतें. तें येथें लावलेलें नव्हतें. हें सर्व प्रारंभीं सांगितलें तर श्रोता कंटाळतो, कारण त्याचें महत्त्व त्याला अजून कळलेलें नसतें. आणि हुकमानंतर सांगितलें तर चालू घड्याळ बंद पडतें. त्याची योग्य जागा पहिल्या व दुसऱ्या खुंटीच्या मध्यें आहे. तेथें दोन तास तोच पाण्याचा मारा चाललेला असतो. मात्र मागें जातांना दार वाजवून जावें: “येथें क्षणभर थांबूं आणि हें जहाज आलें कोठून तें पाहूं.” परततांनाहि तसेंच: “आतां पुन्हां गोदींत येऊं. तीन वाजून गेले आहेत.” हीं दोन वाक्यें गाळलीं तर कराचीची गोष्ट आणि मुंबईची गोष्ट श्रोत्याच्या मनांत एकमेकींत मिसळतात.

आवाजांविषयींहि थोडें सांगितलें पाहिजे. स्फोटाचा आवाज काढण्याचा मोह अनावर असतो. हा स्फोट असा होता कीं त्याचा हादरा सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रानें टिपला. तो घरांतल्या रेडिओच्या पेटींतून ऐकविणें शक्य नाहीं. कर्णा खरखरतो आणि श्रोता दचकण्याऐवजीं आवाज कमी करावयास उठतो. त्यापेक्षां हुकमाच्या आधींपासून पाण्याच्या माऱ्याचा अखंड आवाज मागें ठेवावा आणि चार वाजून सहा मिनिटांनीं तो एकदम तोडावा. दोन-तीन सेकंद शांतता, मग निवेदकाचा स्वर. शांतता याहून लांबली तर श्रोत्याला यंत्र बिघडल्याची शंका येते. शिवाय पाण्याचा तो आवाज प्रथम येईल तेव्हां तो कशाचा आहे हें शब्दांनीं सांगावें. नाहीं तर कोणाला तो पावसाचा वाटेल, कोणाला कढईंतल्या तळणाचा.

एक मर्यादा मात्र पाळलीच पाहिजे. अग्निशामक दलाचे ६६ जवान त्या दिवशीं प्राणांस मुकले. त्यांच्या तोंडीं कल्पित संवाद घालूं नयेत. ते काय बोलले हें लिहून ठेवलेलें नसेल तर त्यांनीं काय केलें एवढेंच सांगावें. एकूण मृतांचा आंकडा कोठें आठशें, कोठें तेराशेंपर्यंत दिलेला आढळतो. तो फरकहि तसाच सांगावा. श्रोत्याला पान उलटून ताळा पाहतां येत नाहीं, म्हणून निवेदकाची जबाबदारी लेखकाहून अधिक आहे.

कथा लिहून झाल्यावर ती घरांतल्या एखाद्या माणसाला, कागद न दाखवितां, एकदांच वाचून दाखवावी आणि दोन प्रश्न विचारावे. कापूस कोठें होता? हुकमानंतर किती मिनिटांनीं स्फोट झाला? पहिल्याचें उत्तर आलें नाहीं तर स्थळवर्णन सुधारावें. दुसऱ्याचें आलें नाहीं तर वेळा फार झाल्या असें समजावें, आणि आणखी समजावून सांगण्याऐवजीं त्यांतील कांहीं काढून टाकाव्या.