सत्तावन्नपट चुकलेलं उत्तर

अकरावीच्या मुलांच्या वर्कशीट तपासायला घेतल्या की एक उत्तर दरवर्षी समोर येतं. प्रश्न साधा असतो: त्रिज्या १४ सेमी, केंद्रीय कोन ६०°, तर कंसाची लांबी काढा. वहीत नीटस अक्षरात लिहिलेलं असतं, s = rθ, म्हणून १४ × ६० = ८४० सेमी. सूत्र बरोबर आहे, गुणाकारही बरोबर आहे. फक्त १४ सेमी त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे जेवायच्या ताटाएवढं. त्याचा अख्खा परीघ ८८ सेमी भरतो, आणि त्याच्या एका तुकड्याची लांबी आली आठ मीटरच्या वर. एवढा दोरा घेतला तर ताटाभोवती साडेनऊ वेढे बसतील.

याला मी मुलांचा निष्काळजीपणा म्हणत नाही. दहावीत त्यांनी वर्तुळपाकळी आणि वर्तुळकंस शिकलेले असतात. तिथे सूत्र असतं θ/३६० × २πr, आणि त्यात कोन अंशातच घालायचा असतो. अकरावीत रेडियन येतो आणि सूत्र एकदम आखूड होतं, s = rθ. वर्तुळपाकळीचं नावही अनेकांसाठी याच सुमाराला ‘सेक्टर’ होतं. सूत्र बदललं, नाव बदललं, पण θ हे अक्षर तेच राहिलं. त्या अक्षराच्या आतलं माप बदललंय हे कागदावर कुठेच दिसत नाही.

रेडियन म्हणजे काय, हे मी सुतळीने दाखवते. फळ्यावर वर्तुळ काढायचं, त्रिज्येएवढी सुतळी तोडायची आणि ती वर्तुळाच्या काठावर वळवून ठेवायची. सुतळीची दोन टोकं केंद्राशी जोडली की मध्ये जो कोन होतो तो एक रेडियन. अंशात मोजला तर तो ५७.३ भरतो, म्हणजे ६० पेक्षा किंचित कमी. s = rθ या सूत्राचा अर्थही एवढाच आहे: काठावर त्रिज्येएवढ्या किती सुतळ्या बसल्या ते सांगा, म्हणजे लांबी मिळेल. ६०° च्या कंसावर एक सुतळी आणि वर जरासं बोटभर उरतं. त्यामुळे उत्तर १४ च्या थोडंसं पुढे हवं, आणि ते येतं १४.६७ सेमी. ‘रेडियन’ हा शब्द छापून आला तोही एका परीक्षेच्या प्रश्नात. बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजात जेम्स थॉमसन यांनी तो १८७३ मध्ये घातला होता. कल्पना मात्र कितीतरी जुनी. आर्यभटाने परिघाच्या २१,६०० कला धरल्या आणि ज्या-सारणीसाठी त्रिज्या ३४३८ कला घेतली. अंशाच्या ६० कला होतात. ३४३८ ला ६० ने भागून पाहा, ५७.३ च येतात. म्हणजे त्रिज्या आणि कंस एकाच मापाने मोजायची सोय आपल्याकडे पाचव्या शतकाच्या शेवटी झालेली होती.

हाच ५७.३ चा आकडा तपासताना फार उपयोगी पडतो. मुलाचं उत्तर उत्तरसूचीतल्या उत्तराशी जुळलं नाही तर आधी भागाकार करून बघावा. ८४० ला १४.६७ ने भागलं की जवळपास ५७.३ येतात, आणि निदान तिथेच होतं: अंश रेडियनच्या सूत्रात घातले गेलेत. भागाकार १ च्या अगदी जवळ आला, तर एकाने π साठी २२/७ घेतलाय आणि दुसऱ्याने ३.१४, एवढाच फरक आहे. त्याचे गुण कापू नयेत. भागाकार २ आला, तर क्षेत्रफळाच्या सूत्रातला अर्धा राहिलाय किंवा व्यास त्रिज्या म्हणून कंसाच्या सूत्रात गेलाय. क्षेत्रफळाच्या बाबतीत मुलांना वाटतं की चूक ५७.३ च्या वर्गाएवढी वाढेल. तसं होत नाही. A = ½r²θ मध्ये वर्ग त्रिज्येचा आहे, θ एकदाच येतो. म्हणून पाकळीचं क्षेत्रफळ १०२.६७ चौसेमीऐवजी ५८८० येतं, म्हणजे तितकंच सत्तावन्नपट.

आता यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. हुशार मुलं ताळा करतात. पाकळीचं क्षेत्रफळ म्हणजे कंसाची लांबी गुणिले त्रिज्या, भागिले दोन, हे त्यांना पाठ असतं. ती ८४० ला १४ ने गुणतात, दोनने भागतात, ५८८० येतात, आणि समाधानाने पुढच्या गणिताकडे वळतात. दोन्ही उत्तरांत चूक सारख्याच पटीने शिरलेली असल्यामुळे ती एकमेकांशी तंतोतंत जुळतात. हा ताळा गुणाकारातली चूक पकडतो, मापातली चूक त्याला कधीच सापडत नाही.

मापातली चूक पकडायला आकृतीकडेच जावं लागतं. कंस परिघापेक्षा मोठा असू शकत नाही, ही वरची मर्यादा. खालची मर्यादा जीवा. दोन टोकांमधलं सरळ अंतर वळणाच्या वाटेपेक्षा कमीच असणार, त्यामुळे कंस जीवेपेक्षा मोठाच हवा. ६०° ला त्रिकोण समभुज होतो आणि जीवा नेमकी १४ सेमी येते. १४.६७ त्या कसोटीला उतरतो.

ही खालची मर्यादा उलट्या चुकीसाठी लागते. प्रश्नात θ = १.२ दिलेला असतो. वर अंशाचं चिन्ह नाही, म्हणजे तो रेडियन आहे. मूल सवयीने १.२ ला ३६० ने भागतं. त्रिज्या १० असेल तर उत्तर येतं ०.२१, आणि यायला हवं १२. जीवाच ११.३ च्या आसपास आहे, तेव्हा ०.२१ कसा चालेल? वरच्या मर्यादेलाही एक फट आहे. कोन सव्वासहा अंशांपेक्षा लहान असला तर चुकीचं उत्तर परिघाच्या आतच राहतं. १४ सेमी त्रिज्येत ५° साठी ७० सेमी येतं, परीघ ८८. अशा वेळी विचारावं, ५° हा पूर्ण वर्तुळाचा ७२ वा भाग, मग कंस परिघाच्या तीन-चतुर्थांशाहून मोठा कसा?

कंस आणि पाकळीत कॅल्क्युलेटर डिग्रीवर आहे की रेडियनवर याने काही बिघडत नाही, कारण त्यांत sin नाहीच. वर्तुळखंड आला की मात्र जपावं लागतं. त्याचं सूत्र ½r²(θ − sin θ). त्रिज्या तीच १४, θ = १.०४७२ रेडियन, खरं उत्तर १७.७५ चौसेमी. मुलाने θ बरोबर रेडियनमध्ये घेतला, पण मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर डिग्रीवर होता, तर १.०४७२ अंशाचा sin मिळतो ०.०१८ आणि वर्तुळखंड येतो १००.८. हा आकडा वर्तुळाच्या ६१६ मध्ये सहज बसतो, पाकळीच्या १०२.६ पेक्षाही लहान आहे. ५७.३ चा भागाकारही इथे कामाचा नाही, कारण चूक सूत्राच्या एकाच तुकड्यात शिरलीय. म्हणून sin(30) टाइप करून पाहायची सवय मी लावते. ०.५ आले तर डिग्री, उणे ०.९८८ आले तर रेडियन. आणि आकृतीत त्रिकोण रेखाटून घेते. १४ सेमी बाजूचा समभुज त्रिकोण एकटाच ८४.९ चौसेमी जागा घेतो. पाकळीतून तो काढला की वर्तुळखंडाला जेमतेम १८ उरतात.