तीन बिंदूंतून द्वितीय अवकलज

द्वितीय अवकलज म्हणजे अवकलजाचा अवकलज. वक्राचा चढ किती वेगाने बदलतो, हे त्यातून कळते. व्याख्येप्रमाणे तो काढायचा तर अवकलन दोनदा करावे लागते. परंतु मधल्या पायरीला, म्हणजे चढाला, हात न लावता थेट फलनाच्या तीन किमतींवरूनही त्याच्यापर्यंत पोचता येते. x हा बिंदू आणि त्याच्या दोन्ही बाजूंना h इतक्याच अंतरावरचे दोन बिंदू घेऊन पुढील भागाकार मांडायचा:

D(h) = [f(x+h) − 2f(x) + f(x−h)] / h²

याला सममित द्वितीय फरकाचा भागाकार म्हणतात. त्याचा अर्थ आलेखावर स्पष्ट दिसतो. दोन्ही टोकांचे बिंदू जोडणारी जीवा काढली, तर तिचा मध्यबिंदू बरोबर x च्या वर किंवा खाली येतो. त्या मध्यबिंदूची उंची म्हणजे टोकांच्या उंचीची सरासरी. तिच्यातून f(x) वजा केले की जीवा आणि वक्र यांच्यामधली फट मिळते. वरचा अंश म्हणजे या फटीची दुप्पट. वक्र सरळ रेषा असेल तर फट शून्य असते आणि वक्र जितका वाकलेला तितकी ती मोठी. h लहान होत जाताना फट साधारणपणे h च्या वर्गाच्या प्रमाणात आटते, म्हणूनच भागायचे ते h² ने. x पाशी द्वितीय अवकलज अस्तित्वात असेल, तर h शून्याकडे जाताना D(h) ची सीमा तोच असतो.

पहिली कसोटी वर्गबहुपदीची. f(x) = ax² + bx + c घेतले, तर f(x+h) आणि f(x−h) यांच्या बेरजेत h चे पहिल्या घाताचे पद एकमेकांना छेदून जाते. उरते ते 2f(x) + 2ah². म्हणून D(h) = 2a. इथे सीमा घेण्याची गरजच पडत नाही. H कितीही मोठा असला तरी उत्तर अचूक. स्थिर अवस्थेतून खाली पडणारी वस्तू t सेकंदांत ४.९t² मीटर अंतर कापते, असे धरू. एक आणि दोन सेकंदांनंतरची अंतरे ४.९ आणि १९.६ मीटर. तेव्हा १९.६ − २ × ४.९ + ० = ९.८, म्हणजे नेमके त्वरण. h एक सेकंदाइतका मोठा असूनही त्रुटी नाही. सममितीची ही करामत घन बहुपदीपर्यंत चालते, कारण h³ चे पदही तसेच छेदले जाते.

साइन फलनाची कसोटी अधिक बोलकी आहे. कोन रेडियनमध्ये मोजल्यास sin(x+h) + sin(x−h) = 2 sin x cos h, आणि त्यावरून

D(h) = −sin x · [sin(h/2) / (h/2)]²

चौकटी कंसातील गुणोत्तर h शून्याकडे जाताना १ कडे जाते, म्हणून सीमा −sin x, अपेक्षेप्रमाणे. मात्र h शून्य नसताना इथे त्रुटी राहते. x = π/6 घेतल्यास खरे उत्तर −०.५ आहे. h = १ असताना भागाकार −०.४५९७ येतो, h = ०.१ असताना −०.४९९५८, आणि h = ०.०१ असताना −०.४९९९९५८. h दहापट लहान केला की त्रुटी जवळपास शंभरपट घटते.

मग h आणखी लहान का करू नये? कागदावरच्या सीमेला अडचण नाही, आकडेमोडीला आहे. साइनच्या किमती सहा दशांश स्थळांपर्यंतच उपलब्ध आहेत, असे समजू. h = ०.००१ घेतल्यास दोन्ही बाजूंच्या किमती ०.५००८६६ आणि ०.४९९१३४ मिळतात. त्यांची बेरीज बरोबर १, आणि २ × ०.५ वजा केल्यावर उरते शून्य. भागाकारही शून्य! खरा फरक −०.०००००५ च्या दहाव्या भागाइतका होता. तो सहाव्या स्थळाच्या पलीकडे हरवला. त्याच सहा स्थळांत h = ०.१ घेतला तर उत्तर −०.४९९६ येते. h कमी करत जाताना उत्तरे आधी स्थिरावतात आणि मग उड्या मारू लागतात. तिथून पुढचे आकडे विश्वासार्ह नाहीत असे ओळखावे. संगणकावरही स्थळे मर्यादितच असतात, त्यामुळे हाच धोका तिथेही आहे, फक्त तो अधिक लहान h पाशी दिसतो.

एक मर्यादा मात्र तत्त्वाचीच आहे. f(x) = x|x| या फलनासाठी शून्यापाशी f(h) = h² आणि f(−h) = −h², म्हणून D(h) नेहमी शून्य. पण या फलनाचा चढ 2|x| आहे आणि त्याला शून्यापाशी कोपरा आहे: उजवीकडून द्वितीय अवकलज २, डावीकडून −२. म्हणजे सममित सीमा मिळते, द्वितीय अवकलज मात्र नाही. तरीही ही दुबळी सीमा निरुपयोगी नाही. रीमान यांनी १८५४ च्या त्रिकोणमितीय श्रेणींवरील प्रबंधात ती वापरली. पुढे श्वार्त्स यांनी सिद्ध केले की एखाद्या अंतरालात फलन संतत असेल आणि ही सीमा सर्वत्र शून्य असेल, तर ते फलन सरळ रेषेचेच असते. याच निष्कर्षाच्या आधारे कँटर यांनी १८७० मध्ये त्रिकोणमितीय श्रेणींचे एकमेवत्व दाखवले.