कोठें अडलें?

“सर, हा उतारा समजावून द्या,” एवढेंच म्हणून विद्यार्थी पुस्तक पुढें ठेवितो. कोठें अडलें, पूर्वीचें काय ठाऊक आहे, हें सांगत नाहीं. पुष्कळदां त्याला तें सांगतां येतच नाहीं. अशा वेळीं आम्ही सगळाच उतारा सोपा करून सांगूं लागलों, तर तो मान डोलावितो आणि होता तेथेंच राहतो.

परवांच्या उताऱ्यांत असें होतें, कीं शून्य अंशावरील एक ग्रॅम बर्फ वितळण्यास सुमारें ८० कॅलरी उष्णता लागते, आणि तें वितळेपर्यंत त्याचें उष्णतामान वाढत नाहीं. ‘सुप्त उष्णता’ हा शब्द अडला असेल, असें आम्हांस वाटलें. पण तो त्याला तोंडपाठ होता! मग आम्हीं विचारिलें, “शून्य अंशाचें १०० ग्रॅम बर्फ ८० अंशांच्या १०० ग्रॅम पाण्यांत टाकलें, तर शेवटीं उष्णतामान किती?”

“४० अंश,” तो चटकन म्हणाला.

खोच येथें होती. उष्णता व उष्णतामान हीं तो एकच समजत होता. आपल्या भाषेंत शब्दही किती जवळचे! पाणी शून्यापर्यंत निवतांना ८००० कॅलरी देतें आणि बर्फ वितळावयास जवळजवळ तितक्याच लागतात. भांड्याचा व हवेचा परिणाम सोडला, तर शेवटीं २०० ग्रॅम पाणी शून्याच्या आसपासच राहतें. हा हिशेब त्यानें स्वतः मांडिला आणि विचारिलें, “मग ती उष्णता गेली कोठें?”

“बर्फांतील कणांची बांधणी सोडविण्यांत,” आम्ही म्हणालों.