मध्य आणि मध्यक : उत्तराचा ताळा कसा करावा?

भागाकाराचा ताळा करायला आपण लहानपणीच शिकतो. भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी; भाज्य परत आले की उत्तर बरोबर. दहावीच्या सांख्यिकीत मात्र मध्य किंवा मध्यक काढला की बहुतेक विद्यार्थी थेट पुस्तकामागचे उत्तर उघडतात. परीक्षेच्या वर्गात ते पान नसते. वास्तविक वर्गीकृत वारंवारता सारणीतच असा ताळा दडलेला आहे. तो करायला पाच मिनिटेही लागत नाहीत, आणि चूक असेल तर ती किती आहे हेही तो सांगतो.

आपल्या रत्नागिरीतलेच उदाहरण घेऊ. समजा, एका बागेत हापूसची ५० कलमे आहेत आणि प्रत्येक कलमावर किती फळे मिळाली याची सारणी अशी आहे:

० ते १०० फळे : ६ कलमे
१०० ते २०० : १३ कलमे
२०० ते ३०० : १६ कलमे
३०० ते ४०० : १० कलमे
४०० ते ५०० : ५ कलमे

नेमकी १०० फळे देणारे कलम दुसऱ्या वर्गात धरायचे, हा नेहमीचा संकेत. वर्गमध्य ५०, १५०, २५०, ३५० आणि ४५०. प्रत्येक वर्गमध्याला त्याच्या वारंवारतेने गुणले की ३००, १९५०, ४०००, ३५०० आणि २२५० मिळतात. बेरीज १२०००, भागिले ५०, म्हणून मध्य २४० फळे.

आता ताळा. मध्य हा तराजूच्या काट्यासारखा असतो. त्याच्या खालच्या बाजूची विचलने आणि वरच्या बाजूची विचलने यांचे वजन सारखे भरलेच पाहिजे. खालच्या बाजूला ५० हा वर्गमध्य २४० पेक्षा १९० ने कमी आहे आणि अशी कलमे ६, म्हणजे ११४०. १५० हा ९० ने कमी, कलमे १३, म्हणजे ११७०. एकूण २३१०. वरच्या बाजूला २५० हा १० ने जास्त, १६ कलमे, १६०. पुढे ११० दहा वेळा, ११००. शेवटी २१० पाच वेळा, १०५०. एकूण पुन्हा २३१०. काटा मध्यावर आला, उत्तर बरोबर.

चूक झाली असती तर? गृहीत मध्याच्या पद्धतीत सर्वांत जास्त गुण जातात ते चिन्हामुळे. गृहीत मध्य २५० घेतला तर विचलनांच्या गुणाकारांची बेरीज उणे ५०० येते. तिला ५० ने भागून उणे १० आणि उत्तर २४०. घाईत उणे चिन्ह सुटले की उत्तर २६० येते, आणि २६० दिसायला काही चुकीचे दिसत नाही. परंतु ताळा करून पाहा. २६० पासून खालच्या बाजूचे वजन १२६०, १४३० आणि १६० मिळून २८५० भरते. वरच्या बाजूचे ९०० आणि ९५० मिळून १८५०. खालचे पारडे १००० ने जड आहे. हा फरक ५० ने भागा, २० आले. म्हणजे आपला मध्य बरोबर २० ने जास्त धरला गेला आहे. २६० मधून २० वजा केले की २४०. पुन्हा पहिल्यापासून गणित मांडण्याची गरजच उरत नाही.

मध्यकाचा ताळा निराळा आहे. तेथे सारणी दोन्ही टोकांकडून मोजायची. एकूण ५० कलमांचे निम्मे २५. खालून मोजत गेल्यास संचित वारंवारता ६, १९, ३५ अशी येते. पंचविसावे कलम २०० ते ३०० या वर्गात सापडते, तोच मध्यकवर्ग. त्याआधी १९ कलमे झाली, म्हणून या वर्गातून आणखी ६ हवीत. वर्गात कलमे १६ आणि त्याची लांबी १००. सहा भागिले सोळा, गुणिले १००, म्हणजे ३७.५. मध्यक २३७.५.

आता वरून या. वरच्या दोन वर्गांत ५ आणि १०, मिळून १५ कलमे. पंचवीस व्हायला १० कमी आहेत. दहा भागिले सोळा, गुणिले १००, म्हणजे ६२.५. हे ३०० मधून वजा केले की पुन्हा २३७.५. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळाल्या.

या ताळ्यात नेहमीच्या चुका लपत नाहीत. मध्यकवर्गाच्या आधीची संचित वारंवारता १९ घेण्याऐवजी कोणी ३५ घेतली, तर उत्तर १३७.५ येते. ते मध्यकवर्गाच्या बाहेरच पडते, तेव्हा नुसते पाहूनही चूक कळावी. फसवी चूक दुसरी आहे: १६ ऐवजी आधीच्या वर्गाची वारंवारता १३ घेणे. उत्तर साधारण २४६ येते, म्हणजे मध्यकवर्गाच्या आतच राहते आणि संशय येत नाही. पण त्याच १३ ने वरून मोजले तर साधारण २२३ येते. दोन उत्तरे जुळत नाहीत, आणि तेथेच चूक पकडली जाते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. हा ताळा आकडेमोडीचा आहे. वर्गमध्य चुकीचे लिहिले आणि तेच ताळ्यातही वापरले तर पारडी सारखीच भरतात. सारणी भरताना एखादे कलम चुकीच्या वर्गात गेले तरीही तसेच. आणि त्याहून खोल अडचण म्हणजे वर्गमध्य हा मुळात एक अंदाज आहे. वर्गातील सर्व फळझाडे वर्गाच्या मध्याभोवती समान पसरली आहेत असे आपण धरून चालतो. ते नेहमी खरे नसते.

देशाच्या २०१५-१६ च्या कृषी गणनेचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. जमिनीच्या वहिती खात्यांची त्यात क्षेत्रानुसार वर्गवारी आहे. त्यातील पहिला वर्ग एक हेक्टरपेक्षा कमी जमिनीचा, म्हणजे अत्यल्प भूधारकांचा, आणि त्यात ६८.४५ टक्के खाती येतात. या वर्गाचा वर्गमध्य ०.५ हेक्टर. प्रत्यक्षात या खात्यांची सरासरी निघाली ०.३८ हेक्टर, कारण पुष्कळशी खाती वर्गाच्या खालच्या भागातच दाटलेली आहेत. शेवटचा वर्ग तर '१० हेक्टर व त्याहून अधिक' असा आहे. त्याला वरची मर्यादाच नाही, मग वर्गमध्य कुठला आणणार? नुसत्या अशा सारणीवरून मध्य काढताच येत नाही. गणनेत दिलेली सरासरी १.०८ हेक्टर आहे, पण ती प्रत्येक वर्गाचे प्रत्यक्ष क्षेत्र मोजून काढलेली आहे.

मध्यकाला मात्र शेवटच्या वर्गाची पर्वा नसते. निम्मी खाती म्हणजे ५० टक्के, ती पहिल्याच वर्गात संपतात. पन्नास भागिले ६८.४५, म्हणजे साधारण ०.७३ हेक्टर. खाती खालच्या बाजूला दाटलेली असल्याने खरा मध्यक बहुधा याहूनही कमी असावा. मध्य १.०८ आणि मध्यक फार तर ०.७३ च्या आसपास, हा फरक आकडेमोडीच्या चुकीचा नाही. थोड्या मोठ्या खात्यांनी मध्य वर ओढला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली लहान धारणक्षेत्रांवर लिहिलेल्या निबंधात, नुसत्या एकरांवरून शेत परवडणारे की नाही हे ठरत नाही, असे दाखवून दिले होते. येथे तर एकरांचा सरासरी आकडाच निम्म्याहून अधिक शेतकऱ्यांना लागू पडत नाही.

म्हणून उत्तरपत्रिकेत मध्य आणि मध्यक बरेच दूर आले तर आधी ताळा करावा. तो जुळला तर सारणीकडे पाहावे: वारंवारता एका टोकाला दाटली आहे काय? आपल्या कलमांच्या सारणीत ती मधल्या वर्गाभोवती जवळपास सारखी पसरली आहे, म्हणूनच २४० आणि २३७.५ इतके जवळ आले.