तुरीनंतर ज्वारी

ग्रामसभेत कृषी सहायकांनी भाषणाआधी तुरीचं एक वाळलेलं झाड पुढे धरलं. खोड उभं चिरलं, तर सालीखाली काळपट तपकिरी रेघा दिसल्या. “मामा, हे पाण्यावाचून वाळलेलं नाही. हा मर रोग आहे.”

मराठवाड्यातल्या त्या गावात अनेकजण वर्षानुवर्षं एकाच रानात तूर घेतात. मर रोगाची बुरशी जमिनीत, जुन्या मुळांवर आणि धसकटांवर सुमारे तीन वर्षं तग धरते. रोज तेच ताट वाढलं, तर ती वाढणारच. ज्वारीच्या मुळांवर मात्र तिचं पोट भरत नाही, म्हणून तुरीनंतर दोन-तीन वर्षं ज्वारीसारखं पीक घेतलं की तिचा जोर ओसरतो. एका वर्षाची विश्रांती पुरत नाही. रोगट झाडं मुळासकट उपटून जाळावी लागतात आणि पुढे मर रोगाला प्रतिकारक वाण पेरावा लागतो.

मग खताचा हिशोब निघाला. तुरीच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात. तुरीचा भरपूर पाला रानातच गळतो. प्रयोगांत तुरीनंतरच्या मक्याला हेक्टरी सुमारे ४० किलो नत्र दिल्याइतका फायदा दिसला आहे, म्हणजे एकरी सोळा किलो, जवळपास ३५ किलो युरिया.

“मग युरिया बंदच करायचा का?” एका ताईंनी विचारलं.

“नाही, ताई. हलक्या रानात किंवा पीक वाळून गेलं असेल, तर एवढा नत्र मिळत नाही. माती तपासून मात्रा कमी करा.”

यंदा तूर काढताना दोन-चार झाडांची खोडं चिरून पाहाच.